कर भरतो एक, सोसतो कोण? स्लाइड ४ आणि स्लाइड १२ एकत्र कशा वाचायच्या

प्रश्न: "एम.ए. इकॉनॉमिक्सला आहे. सरांनी पब्लिक फायनान्सची पीपीटी दिलीय. स्लाइड ४ वर लिहिलंय की प्रत्यक्ष कराचा भार दुसऱ्यावर ढकलता येत नाही, अप्रत्यक्षाचा येतो. स्लाइड १२ वर आलेख काढून लिहिलंय की भार कोणावर पडणार ते लवचिकतेवर ठरतं, कर कोणावर लावला यावर नाही. दोन्ही एकाच वेळी बरोबर कसं? परीक्षेत काय लिहू? कोणीतरी खऱ्या उदाहरणाने समजावा."

मी टॅक्स आणि प्रॉपर्टीच्या कागदपत्रांचं काम करतो, बरीच वर्षं, आणि संध्याकाळच्या बॅचला हाच विषय शिकवतो, त्यामुळे या दोन स्लाइड्स माझ्या चांगल्या ओळखीच्या आहेत, जवळपास सगळ्या पीपीटीत याच क्रमाने असतात. तुमची अडचण अशी आहे की दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच प्रश्नाची म्हणून दिलीयत. स्लाइड ४ सांगते की कायद्याने पैसे कोणाकडून मागितले. स्लाइड १२ सांगते की शेवटी कोणाचा खिसा हलका झाला. पहिल्याला आपण कराघात म्हणतो, दुसऱ्याला करभार, आणि मधल्या प्रवासाला करसंक्रमण. स्लाइड ४ वर्गीकरण म्हणून ठीक आहे, पण "ढकलता येत नाही" हे वाक्य निष्कर्ष म्हणून चुकीचं आहे. भाराबद्दल विचारलं तर स्लाइड १२ बरोबर.

हे वाक्य आलं कुठून तेही बघा. जॉन स्टुअर्ट मिलने प्रत्यक्ष कराची व्याख्या केली तेव्हा त्यात हेतू होता, म्हणजे ज्याच्याकडून कर मागितला त्यानेच तो सोसावा अशी सरकारची इच्छा असते. अप्रत्यक्षात सरकार दुकानदाराकडून घेतं पण त्याने गिऱ्हाइकाकडून वसूल करावा हे धरूनच घेतं. पुढे नोट्समधून नोट्स उतरवताना इच्छा गळाली आणि तिच्या जागी निकाल बसला. सरकारची इच्छा एक असते आणि बाजार भलतंच करतो, हे रोज दिसतं.

आता आलेख. लोक इथे रेषा पाठ करतात आणि गोष्ट सोडून देतात, म्हणून आकड्यात घेऊ. एक वस्तू १०० रुपयांना विकली जाते. त्यावर नगामागे १० रुपये कर आला. समजा ही वस्तू लोकांना लागतेच, भाव १ टक्का वाढला तर मागणी अर्धाच टक्का कमी होते, म्हणजे मागणीची लवचिकता ०.५. विकणारा मात्र सहज दुसरं काही बनवू शकतो, त्याला मिळणारा भाव १ टक्का पडला की तो पुरवठा २ टक्के कमी करतो, म्हणजे पुरवठ्याची लवचिकता २. घेणाऱ्याचा वाटा काढायचा तर पुरवठ्याची लवचिकता भागिले दोन्हींची बेरीज, म्हणजे २ भागिले २.५, म्हणजे ८० टक्के. दहातले ८ रुपये घेणाऱ्यावर, २ विकणाऱ्यावर. घेणारा १०८ देतो, विकणाऱ्याच्या हातात ९८ राहतात. ताळा करून बघा: घेणाऱ्याला ८ टक्के महाग झालं म्हणून मागणी ४ टक्के घटली, विकणाऱ्याला २ टक्के कमी मिळाले म्हणून पुरवठा ४ टक्के घटला, दोन्ही जुळलं. (मोठ्या बदलाला हे गणित अंदाजे चालतं, परीक्षेतल्या उदाहरणाला पुरतं.)

आता यातली खरी गंमत. वरचे दोन आकडे काढताना मी कर कोणावर लावला हे कुठेच वापरलं नाही. विकणाऱ्यावर लावला तर बिलावर १०८ छापून येतील, त्यातले १० तो सरकारला भरेल, ९८ ठेवेल. घेणाऱ्यावर लावला तर पाटीवर ९८ लागतील आणि घेणारा वर १० वेगळे भरेल, त्याचे एकूण १०८च. बिल वेगळं दिसतं, पावती वेगळ्या नावाने फाटते, खिशातून जाणारे पैसे तेच. लवचिकता उलट केल्या, म्हणजे मागणीची २ आणि पुरवठ्याची ०.५, तर भार उलटतो: घेणाऱ्यावर २, विकणाऱ्यावर ८. म्हणजे ज्याला बाजूला होता येत नाही, वाट बघता येत नाही, दुसरीकडे जाता येत नाही, त्याच्यावर भार जास्त. स्लाइड १२ मध्ये एवढंच आहे.

खरं उदाहरण म्हणून मी स्टॅम्प ड्युटी घेतो, कारण महाराष्ट्रात २०२०-२१ मध्ये सरकारने दर खाली-वर केले आणि एकदा तर भरणारा माणूसच बदलला, एवढी स्वच्छ केस सहसा मिळत नाही. मुंबईत फ्लॅटच्या खरेदीवर ड्युटी ५ टक्के होती. लॉकडाऊननंतर ती १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० मध्ये २ टक्के केली आणि १ जानेवारी ते ३१ मार्च २०२१ मध्ये ३ टक्के. कायद्याने ही ड्युटी घेणाऱ्याने भरायची, अ‍ॅग्रीमेंटमध्येही तसंच कलम असतं, त्यामुळे सगळ्यांनी धरून चाललं की ३ टक्के वाचले ते घेणाऱ्याचेच.

८० लाखांचा फ्लॅट घ्या. ५ टक्क्याने ड्युटी ४ लाख, म्हणजे घेणाऱ्याचे एकूण ८४ लाख गेले. (रजिस्ट्रेशन फी वेगळी, ती अशा व्यवहारात ३० हजारांच्या वर जात नाही म्हणून सोडून देऊ.) आता माझ्यासमोर बसणारे लोक हिशेब कसा करतात ते सांगतो. कोणीही "माझं बजेट ८० लाख अधिक ड्युटी" असं म्हणत नाही. म्हणतात, "सगळं धरून ८४ च्या वर नाही जाणार." त्यातही होमलोन देताना एवढ्या किमतीच्या घराला बँक ड्युटी आणि रजिस्ट्रेशन धरत नाही, ती रक्कम स्वतःच्या पैशातून काढावी लागते, त्यामुळे ती जास्तच टोचते. ड्युटी २ टक्के झाली की हाच माणूस त्याच ८४ लाखांत ८२.३५ लाखांपर्यंतचा फ्लॅट घेऊ शकतो. आणि हे गणित बिल्डरच्या सेल्स ऑफिसलाही येतं.

म्हणून शक्यता दोन टोकांच्या मधल्या असतात. फ्लॅट ८० लाखांनाच राहिला तर घेणाऱ्याचे २.४० लाख वाचले, सगळा फायदा त्याचा. फ्लॅट ८२.३५ लाखांना गेला तर घेणाऱ्याचे एकूण ८४च गेले, सगळा फायदा बिल्डरचा, जरी ड्युटीची पावती घेणाऱ्याच्याच नावाची असली तरी. मध्ये ८१ लाखांवर सौदा ठरला तर घेणाऱ्याचे ८२.६२ लाख जातात, म्हणजे त्याचे १.३८ वाचले, बिल्डरला १ लाख जास्त मिळाला आणि सरकारचे २.३८ लाख कमी झाले. १.३८ अधिक १ म्हणजे बरोबर २.३८. कर कमी झाला की ती रक्कम दोघांत वाटली जाते, आणि वाटणी पावतीवर दिसत नाही.

मग वाटणी झाली कशी? इथे परिस्थिती बघावी लागते, एकच उत्तर सगळ्या एरियाला लागू होत नाही. तयार फ्लॅट तेवढेच असतात, चार महिन्यांत नवीन इमारत उभी राहत नाही, म्हणजे पुरवठा ताठर. शिवाय सवलत ठराविक मुदतीची होती, त्यामुळे जे पुढच्या वर्षी घेणार होते तेही ३१ डिसेंबरच्या आत यायला लागले. घेणाऱ्यांची अशी धांदल म्हणजे बिल्डरच्या हातात पत्ते. पण दुसऱ्या बाजूला लॉकडाऊननंतर न विकलेले फ्लॅट पडून होते, कर्जाचं व्याज चालू होतं, कॅश हवी होती, त्यामुळे ज्याचा माल जास्त अडकला होता तो भाव वाढवायच्या मनःस्थितीत नव्हता. जी अ‍ॅग्रीमेंट माझ्याकडे त्या काळात आली त्यात जाहीर दर फारसे हलले नव्हते, पण आधी जे वरून मिळायचं ते हळूहळू बंद झालं. पार्किंगचे पैसे आधी घासाघीस करून सोडायचे ते सोडेनात, फ्लोअर राइज म्हणजे वरच्या मजल्याचे जादा पैसे माफ करायचे ते करेनात, किचन करून देतो म्हणायचे ते म्हणेनात. भार किंवा फायदा कुठे गेला हे बघायचं असेल तर फक्त स्क्वेअर फुटाचा दर बघू नका, सौद्यातली प्रत्येक गोष्ट बघा आणि त्याच इमारतीतला महिनाभर आधीचा सौदा शेजारी ठेवा.

त्यानंतर जानेवारी २०२१ मध्ये आणखी एक निर्णय झाला. बिल्डर बांधकामाच्या परवानगीसाठी सरकारला आणि पालिकेला जो प्रीमियम भरतो त्यात ५० टक्के सवलत, पण अट अशी की ही सवलत घेणाऱ्या प्रोजेक्टमध्ये गिऱ्हाइकाची स्टॅम्प ड्युटी बिल्डरने भरायची. म्हणजे कराघात घेणाऱ्यावरून उचलून विकणाऱ्यावर ठेवला, तुमच्या स्लाइड १२ चा प्रयोगच. स्लाइड ४ वाचून चाललं तर आता घेणारा सुटला. स्लाइड १२ वाचून चाललं तर विचारावं लागतं की ड्युटी भरायची नसती तर बिल्डर कितीला द्यायला तयार झाला असता. मी गिऱ्हाइकांना तेच विचारायला सांगायचो: "स्टॅम्प ड्युटी मी भरतो, मग भाव किती?" बहुतेक वेळा यावर आकडा खाली यायचा, आणि जेवढा खाली येईल तेवढी "फुकट" ड्युटी भावातच बसलेली होती. यात आणखी एक बारकावा आहे, ड्युटी अ‍ॅग्रीमेंटची किंमत आणि रेडी रेकनरची म्हणजे सरकारने त्या एरियासाठी ठरवलेली किंमत यातल्या जास्त असेल तिच्यावर लागते, त्यामुळे अ‍ॅग्रीमेंटची किंमत रेकनरच्या वर असेल आणि ड्युटी भावात मिसळली तर त्या मिसळलेल्या रकमेवरही ड्युटी बसते. प्रीमियमची सवलत मात्र वेगळी गोष्ट आहे, तिने बिल्डरचा खर्च खरंच कमी होतो. तिचा फायदा आणि ड्युटीची अदलाबदल एकाच घोषणेत आल्याने लोक दोन्ही एक समजतात.

आत्तापर्यंत आपण घेणारा आणि बिल्डर दोघांतच वाटणी केली. स्लाइड्समध्ये जे सहसा नसतं ते असं की भार तिसऱ्याच माणसापर्यंत जातो, आणि घरांच्या बाबतीत तर बऱ्याचदा तिथेच जाऊन थांबतो. बिल्डर नवीन प्रोजेक्ट घेताना हिशेब उलटा करतो. फ्लॅट कितीला विकले जातील तिथून सुरुवात, त्यातून बांधकाम वजा, प्रीमियम वजा, व्याज वजा, स्वतःचा नफा वजा, आणि जे उरेल ते जमिनीच्या मालकाला. रिडेव्हलपमेंट असेल तर सोसायटीला, कॉर्पस म्हणजे रोख रक्कम आणि वाढीव जागा यांच्या रूपात. आता कायमस्वरूपी ड्युटी वाढली आणि त्यामुळे घेणारे कमी भाव द्यायला लागले, तर सिमेंटवाला आपला भाव उतरवणार नाही कारण त्याला दुसरी गिऱ्हाइकं आहेत, बँक व्याज कमी करणार नाही, बिल्डरचा नफा फार घटला तर तो पैसा दुसऱ्या धंद्यात घालेल. हलता न येणारी गोष्ट एकच, जमीन. ती उचलून दुसऱ्या शहरात नेता येत नाही, म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये ऑफर येते तेव्हा मेंबरांना वाढीव जागा थोडी कमी मिळते आणि त्यांना कोणी सांगत नाही की यात स्टॅम्प ड्युटीचा वाटा आहे. यालाच तुमच्या नोट्समध्ये मागे ढकलणं किंवा पश्चगामी संक्रमण म्हटलेलं असेल. अर्थात यालाही मर्यादा आहे, मालक "मग मी थांबतो" म्हणून काही वर्षं विकणं टाळू शकतो, आणि तेवढा काळ भार पुन्हा घेणाऱ्यावर आणि बिल्डरवर राहतो. म्हणून उत्तरात अल्पकाळ आणि दीर्घकाळ वेगळे लिहा, भार कोणावर हे काळ बदलला की बदलतं.

आता प्रत्यक्ष कराकडे, कारण स्लाइड ४ चा दावा खरा तर त्याच्याबद्दल आहे. आयकर ढकलता येत नाही का? दोन व्यवहार शेजारी ठेवतो.

पहिला: ऑफिसची जागा भाड्याने देणारा मालक म्हणतो, "१ लाख भाडं, पण मला टीडीएस कापून नको, हातात पूर्ण १ लाख हवेत." १० टक्के टीडीएस असेल तर भाडं १,११,१११ दाखवावं लागतं, त्यातले ११,१११ कापले की १ लाख उरतात. वरून बघितलं तर मालकाने स्वतःचा आयकर भाडेकरूवर ढकलला. पण विचार करा, हा भाडेकरू १,११,१११ द्यायला तयार होता तर मालकाने कर नसतानाही तेवढेच मागितले असते, मग १ लाखावर तो का थांबला असता? जागा बांधून तयार आहे, रिकामी ठेवून त्याचाच तोटा, आणि शेजारच्या मालकालाही आयकर आहेच. म्हणजे बाजारभावच १.११ होता आणि मालकाने तो टीडीएसच्या नावाने मागितला, भार त्याच्यावरच राहिला. शिवाय कापलेला टीडीएस त्याच्याच नावावर जमा होतो आणि रिटर्नमध्ये त्याला त्याचं क्रेडिट मिळतं. आणि बाजारभाव खरंच १ लाख असेल तर भाडेकरू शेजारच्या बिल्डिंगमध्ये जाईल.

दुसरा: इथली कंपनी परदेशातल्या एखाद्या कन्सल्टंटकडून तांत्रिक सेवा घेते. तो लिहून घेतो की आमची फी सगळे भारतीय कर वगळून आहे. फी १०० आणि कर १० टक्के असेल तर इथली कंपनी १११.११ धरून त्यावरचे ११.११ सरकारला भरते आणि त्याला पूर्ण १०० पाठवते. कायद्याने हा त्या परदेशी माणसाचा आयकर आहे, स्लाइड ४ प्रमाणे शुद्ध प्रत्यक्ष कर, पण सोसला इथल्या कंपनीने. इथे ढकलणं खरं आहे, कारण त्याला जगभर गिऱ्हाइकं आहेत, भारतातून १०० पेक्षा कमी मिळाले तर तो काम घेणार नाही, आणि इथल्या कंपनीला तेच तंत्रज्ञान हवंय. तो स्वतःच्या देशात या कराचं क्रेडिट घेऊ शकत असेल तर मात्र घासाघीस करायला जागा असते, आणि चांगला सल्लागार असेल तर इथली कंपनी ती करतेच.

दोन्ही ठिकाणी कर आयकरच, कागदावर कलम जवळजवळ सारखंच, पण एकीकडे भार हलला नाही आणि दुसरीकडे पूर्ण हलला. फरक पाडला तो दुसरीकडे जाता येतं की नाही यानेच. म्हणून भार ओळखताना मी एकच प्रश्न विचारतो: हा कर नसता तर हाच सौदा कितीला झाला असता? आजचा भाव आणि तो भाव यातलं अंतर म्हणजे भार. "मी माझा कर गिऱ्हाइकावर टाकला" असं म्हणणाऱ्याचं बोलणं आणि हे अंतर नेहमी जुळेलच असं नाही.

परीक्षेबद्दल. "प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष करातील फरक" असा सरळ प्रश्न आला तर स्लाइड ४ लिहा, तपासणाऱ्याला तेच हवं असतं, फक्त "ढकलता येत नाही" ऐवजी "कराघात आणि करभार एकाच व्यक्तीवर राहावा असा हेतू असतो" असं लिहा, मार्क जाणार नाहीत आणि वाक्यही खरं राहील. "करभार कोणावर पडतो" असं विचारलं तर आधी कराघात, करसंक्रमण, करभार दोन-दोन ओळींत, मग आलेख, मग लवचिकतेचं सूत्र आणि वरच्यासारखं एक दहा रुपयांचं उदाहरण ताळ्यासकट.

आलेखात दोन चुका नेहमी दिसतात. एक, मुलं कर लावल्यावर नवा भाव १०० वरून थेट ११० दाखवतात, म्हणजे सगळा भार घेणाऱ्यावर. ते फक्त मागणी पूर्ण ताठर असेल किंवा पुरवठा पूर्ण लवचिक असेल तरच होतं, एरवी नव्या प्रमाणावर दोन भाव दाखवा, वरचा १०८ घेणाऱ्याचा आणि खालचा ९८ विकणाऱ्याचा, आणि मधल्या दहाच्या पट्टीतून जुन्या १०० ची आडवी रेघ न्या म्हणजे दोघांचे वाटे आपोआप वेगळे दिसतील. दुसरी चूक म्हणजे सरकारचं उत्पन्न काढताना जुन्या विक्रीला १० ने गुणतात. विक्री ४ टक्के घटलीय, आधी १०० नग विकले जात होते तर आता ९६, म्हणून उत्पन्न ९६० रुपये. जे ४ नग विकलेच गेले नाहीत त्यांचा तोटा उजवीकडच्या छोट्या त्रिकोणात येतो, आपल्या आकड्यांत तो साधारण २० रुपये. तो घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने सोसला पण सरकारला मिळाला नाही, त्यामुळे त्याला रेघा मारून 'डेडवेट लॉस' असं वेगळं नाव द्यायला विसरू नका.